विकतची गांडुळे आणि शेतातली गांडुळे



पावसाळा जवळ आला की डोंगरवस्तीवरील कुटुंबांना गांडुळे घेऊन द्यावीत, असा विचार बऱ्याच मंडळ्यांतून पुढे येतो. हेतू चांगलाच आहे. पण पिशवीतली गांडुळे नागलीच्या किंवा वरईच्या वरकस जमिनीत सोडली, तर थोड्याच दिवसांत ती दिसेनाशी होतात आणि शेतकरी म्हणतो, "गांडुळांनी काही होत नाही." असे का होते व त्याऐवजी काय करावे, एवढ्यापुरता हा पाठ आहे. वस्तीवरील बैठकीत तो वाचून दाखवता येईल.

गांडुळे सगळी एक जातीची नसतात. खतासाठी विकत मिळतात ती बहुधा आयसेनिया फेटिडा नावाची तांबडी, पट्टेदार गांडुळे. त्यांचे घर माती नव्हे, तर कुजणारे शेण आणि पाल्याचा ढीग. तिथे ती भराभर वाढतात. उघड्या रानात त्यांना ना सावली मिळते, ना ओलावा, ना पुरेसे खाणे. शेतातले गांडूळ वेगळे. ते फिकट, राखाडी किंवा तपकिरी असते, माती गिळत बिळे करते आणि उन्हाळा आला की खोल ओलीत जाऊन अंगाची गाठ मारून निपचित पडते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आढळणारे लॅम्पिटो मॉरिटी हे असेच. ही गांडुळे विकत आणायची नसतात. ती बांधाच्या कडेला, झाडाच्या सावलीत थोडीफार असतातच. त्यांना शेतात राहावेसे वाटेल असे खाणे मात्र तिथे हवे.

हे खाणे कोणते, ते समजायला मातीतली पंगत पाहावी लागेल. गांडुळाला दात नसतात. ते मातीबरोबर पाल्याचे कुजके तुकडे गिळते आणि पोटातल्या पेषणीत वाळूच्या कणांनी ते दळते. कोरड्या, करकरीत पानाचा त्याला फारसा उपयोग नाही. त्या पानावर आधी बुरशी आणि जिवाणू बसतात, ते मऊ करतात, तेव्हा ते गांडुळाच्या कामाचे होते. त्या जिवाणूंना आणखी बारीक जीव खातात. त्यांत एकपेशीय प्राणी आणि सूत्रकृमी येतात. (सूत्रकृमी म्हटले की मुळांना गाठी आणणारी कीड आठवते, पण पिकाला त्रास देणाऱ्या जाती थोड्या, पुष्कळशा जाती जिवाणू व बुरशीवरच जगतात.) जिवाणूच्या शरीरात नत्र भरपूर असते. खाणाऱ्याला तेवढे लागत नाही, म्हणून उरलेले तो बाहेर टाकतो आणि ते शेजारच्या मुळाला मिळते. पाल्यातले नत्र पिकापर्यंत पोचण्याची ही एक मोठी वाट आहे.

या पंगतीत गांडूळ वाढप्याचे काम करते. वरचा पाला खाली नेते, खालची माती वर आणते. त्याच्या ओल्या आतड्यात जिवाणू जोमाने वाढतात. म्हणून त्याच्या विष्ठेत पिकाला घेता येईल असे नत्र आणि स्फुरद आसपासच्या मातीपेक्षा जास्त सापडते. बिळांतून पावसाचे पाणी खाली मुरते. उताराच्या जमिनीवर हा फायदा खतापेक्षाही मोठा आहे, असे मला वाटते. पण गांडूळ नवे अन्नद्रव्य तयार करीत नाही. जमिनीत पालापाचोळाच पडत नसेल, तर त्याला वाढायला काही नाही.

आता शेतात गांडुळे किती, हे कसे ओळखावे? पाऊस सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की सकाळी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा खणा. माती गोणपाटावर घेऊन हाताने फोडा आणि गांडुळे मोजा. खोल बिळातली यायची असतील तर दोन चमचे मोहरीची पूड दोन लिटर पाण्यात कालवून खड्ड्यात ओता. काही मिनिटांत ती वर येतात. मोजल्यावर साध्या पाण्याने धुऊन परत सोडा. अशा खड्ड्यात दहा किंवा जास्त गांडुळे निघाली तर जमीन चांगली समजतात. मे महिन्यात मात्र मोजू नका. तेव्हा शून्य आले तरी त्याचा अर्थ काही नाही, कारण ती खोल गेलेली असतात. भाताच्या पाणी साचलेल्या खाचरातही थोडीच मिळतील. तिथे बांधावर मोजावे.

राबाविषयी सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दाढीसाठी फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचे, ही ठाणे-पालघरकडची जुनी रीत. तिच्यामागे कारण आहे: तणाचे बी जळते, राख मिळते, माती भुसभुशीत होते. आगीने गांडुळे थेट मरतात असेही फारसे नाही, कारण उन्हाळ्यात ती खोल असतात आणि आच मातीत थोडीच खाली जाते. नुकसान दुसरीकडे होते. राबाचा गुंठा छोटा, पण त्यासाठी मोठ्या रानातला पाला गोळा होतो, आणि वर्षभराचे खाणे अर्ध्या दिवसात धूर होऊन जाते. राब बंद करा, असा आग्रह धरू नये. दाढीला लागेल तेवढाच भाजावा आणि वरकसासाठी वेगळा पाला राखावा.

सुरुवात एकाच गुंठ्यावर करावी. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. दर चौरस मीटरला अर्धा किलो धरला तर पन्नास किलो सुका पाला लागतो. कडधान्य किंवा भाजीच्या ओळी उगवून वीतभर झाल्या की मधल्या पट्ट्यांत तो पसरावा, रोपाच्या बुंध्याला चिकटू देऊ नये. नुसता सागाचा किंवा ऐनाचा पाला फार सावकाश कुजतो. त्यात गिरिपुष्पाची हिरवी पाने मिसळावीत, नाहीतर वरून पातळ शेणकाला शिंपडावा. भाताचा पेंढा यासाठी घेऊ नका. तो बैलांच्या तोंडचा आहे. बांधावर गांडुळे असलेल्या जागेची फूटभराची ढेकळे ओल असताना मुळासकट उचलून या गुंठ्यात दोन-तीन ठिकाणी पुरली, तर ती आपोआप पसरतात. जवळच दुसरा गुंठा पाल्याविना ठेवावा, म्हणजे दोन्हीकडे खड्डा घेऊन तुलना करता येते.

पहिल्या पावसाळ्यात फरक थोडाच दिसेल. गांडुळे कोशात अंडी घालतात, पिले मोठी व्हायला वेळ लागतो. दोन-तीन पावसाळे धीर हवा. आधी दिसते ती विष्ठा: सकाळी पाला उचलला की खाली मातीच्या बारीक दाण्यांचे ढीग. ते नसतील आणि पाला तसाच कोरडा असेल, तर हिरवा पाला किंवा शेण कमी पडले. पाल्यावर मातीचे पापुद्रे चढले असतील तर ती वाळवी आहे. ती बहुधा वाळका पालाच खाते, पण कोवळ्या रोपांजवळ दिसली तर तिथला पाला बाजूला करावा. सगळे ठीक असूनही गांडुळे नसतील, तर शेतात दाणेदार कीटकनाशक टाकले होते का, ते विचारा. कार्बोफ्युरान गांडुळांना फार विषारी आहे. नांगर आणि कुदळही जरुरीपुरतीच चालवावी. गांडुळाचे दोन तुकडे झाले की दोन गांडुळे होतात, हा समज खोटा आहे. पुढचा भाग कधी जगतो, शेपटीकडचा मरतो.

मग देणगीतून घेतलेल्या तांबड्या गांडुळांचे काय? ती जरूर द्यावीत, पण घराजवळच्या सावलीतल्या खड्ड्यासाठी. ताजे शेण तापते आणि गांडुळे मरतात, म्हणून ते पंधरा-वीस दिवस मुरू द्यावे आणि हात घालून थंड लागले तरच गांडुळे सोडावीत. ओल इतकीच असावी की मुठीत दाबल्यावर एखादा थेंब येईल. वर गोणपाट झाकावे, मुंग्यांसाठी खड्ड्याभोवती पाण्याची चर ठेवावी, आणि कोंबड्यांना तर अजिबात फिरकू देऊ नये. दोन महिन्यांत निघालेले खत त्याच पाल्याच्या गुंठ्यात, पाल्याखाली टाकावे.