शेजाऱ्याचा गट आपल्या नावापुढे

2019 च्या ऑक्टोबरअखेरच्या पावसात आमच्या टोकावडे भागात कापून ठेवलेलं भात शेतातच भिजलं. नोव्हेंबरात राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी 8,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, अशी मदत जाहीर केली आणि याद्यांच्या पीडीएफ मोबाईलवर फिरू लागल्या. आपल्या वाडीची नावं वेगळी काढायची म्हणून पोरांनी त्या एक्सेलमध्ये उतरवल्या. त्यातली एक माझ्याकडे बघायला आली. वरवर सगळं नीट. पण मधल्या एका नावापासून खाली प्रत्येकापुढे शेजाऱ्याचा गट नंबर लागलेला.

कारण साधं होतं. पीडीएफमध्ये आपल्याला रकाने दिसतात, पण बहुतेक वेळा आत नुसती अक्षरं आणि त्यांच्या जागा असतात. लांब नाव चौकटीत मावलं नाही की खालच्या ओळीवर जातं. कॉपी केल्यावर नावातली ही मोड आणि एका खातेदाराची नोंद संपल्याची मोड, दोन्ही अगदी सारख्या दिसतात:

```
14 नाव वडिलांचे
नाव आडनाव 12/1 0.40.00 3200
15 नाव वडिलांचे नाव
आडनाव 45 0.20.00 1600
```

म्हणून हे थेट एक्सेलमध्ये चिकटवायचं नाही, आणि सगळ्या मोडी एका झटक्यात उडवायच्याही नाहीत. खरी सुरुवात ओळखण्याची खूण शोधायची. इथे ती म्हणजे अनुक्रमांक आणि त्याच्यामागोमाग अक्षर. नुसता आकडा पुरत नाही, कारण 45 हा गट नंबर ओळीच्या सुरुवातीला आला तर तोही अनुक्रमांकच वाटेल.

मजकूर Notepad++ मध्ये घ्या. प्रत्येक पानावर पुन्हा येणारं रकान्यांचं शीर्षक आणि पान नंबर आधी हातानं काढा, नाहीतर ते पानावरच्या शेवटच्या खातेदाराला जाऊन चिकटतात. मग Ctrl+H दाबून Regular expression निवडा, `. matches newline` ची खूण काढा, खालचा मजकूर Find मध्ये टाका आणि Replace मध्ये एक स्पेस द्या:

```
\R(?![0-9०-९]+\s+[^0-9०-९\s])
```

म्हणजे जिच्यापुढे ‘आकडा आणि मग अक्षर’ नाही, तेवढीच मोड जाते. आता एका खातेदाराची एक ओळ झाली. रकाने पाडताना मात्र डावीकडून मोजत बसू नका. नावात कधी तीन शब्द असतात, कधी पाच. उजवीकडचे तीन तुकडे, म्हणजे गट, क्षेत्र आणि रक्कम, एवढेच ठरलेले असतात. ते आधी सोडवले की उरेल ते नाव:

```
Find:    ^([0-9०-९]+)\h+(.+)\h+(\S+)\h+(\S+)\h+(\S+)\h*$
Replace: $1\t$2\t$3\t$4\t$5
```

आकडे देवनागरीत असतील तर एक्सेलला हिशेब करता येत नाही, ते इथेच इंग्रजी अंकांत बदलून घ्या.

चिकटवण्याआधी एक्सेलमध्ये C आणि D हे रकाने Text करा. हे विसरलं की 12/1 चा 12-Jan होतो. नंतर रकाना Text केला तरी गट परत येत नाही, तारखेच्या पोटातला पाच आकडी नंबर दिसतो. यातली गोम अशी की ज्या गटांचे आकडे तारखेत बसतात तेवढेच बिघडतात. वरच्या दहा ओळी चाळून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

मग पडताळा. शेवटचा अनुक्रमांक आणि ओळींची संख्या जुळते का, रकमेची बेरीज पीडीएफच्या तळाच्या बेरजेशी जुळते का, हे बघायचंच. पण आमच्या त्या यादीत बेरीज जुळतच होती, कारण रकमा जागेवर होत्या, सरकले होते गट. म्हणून नुसत्या बेरजेवर न थांबता मी एकेक ओळ तपासणारा हिशेबही लावतो. 0.40.00 म्हणजे शून्य हेक्टर चाळीस आर, आमच्याकडे साधारण एक एकर. हेक्टरी 8,000 नं त्याचे 3,200 व्हायला हवेत. यादी A2 पासून चिकटवलेली असेल तर F2 मध्ये हे लिहून खालपर्यंत ओढा:

```
=ROUND(MIN(2,SUBSTITUTE(D2,".","")/10000)*8000,0)-E2
```

शून्य आलं तर क्षेत्र आणि रक्कम एकाच खातेदाराची आहेत असं धरायला हरकत नाही, फक्त सलग दोघांचं क्षेत्र सारखं असेल तर तिथली अदलाबदल हा हिशेब पकडत नाही. गटाची खात्री तर त्यानं होतच नाही, म्हणून लांब नावांच्या आसपासचे गट पीडीएफ शेजारी उघडून डोळ्यांनीच बघावे लागतात. शून्य नसेल तर ती ओळ मुळातून बघा. `#VALUE!` आलं तर बहुधा नावाचा उरलेला भाग रकमेच्याही नंतर कॉपी झालेला असतो आणि रकमेच्या जागी आडनाव येऊन बसतं. अशा ओळी सूत्रानं दुरुस्त करण्याच्या नादी लागू नका, त्या हातानं करा.

हे सगळं सुरू करण्याआधी मात्र एकच नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. निवडलंच जात नसेल तर ती कागदाची स्कॅन प्रत आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गाळ आला तर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली यादी आहे. दोन्ही वेळेला वरची सूत्रं उपयोगाची नाहीत. ज्या कार्यालयातून यादी निघाली तिथे तिची मूळ फाईल बहुधा असते, तीच पेन ड्राईव्हवर मागून घ्या.