जाळी घेताना भोकं मोजा, तार बघा

खिडकीला जाळी लावली आणि वारा थांबला, ही तक्रार बहुधा जास्त बारीक जाळीमुळे येते. दुकानदार ‘चिलटंसुद्धा शिरणार नाहीत’ म्हणून २४ बाय २४ ची जाळी पुढे करतो. डासांसाठी १८ बाय १६ पुरते. एका इंचात आडवी १८ आणि उभी १६ भोकं, असा त्याचा अर्थ. नमुन्यावर पट्टी ठेवून मोजता येतं, आणि मोजावंच.

वारा अडतो तो तारेमुळे. फायबरग्लासचा धागा साधारण ०.२८ मिलिमीटर जाड असतो. त्या जाडीच्या १८ बाय १६ जाळीत सुमारे ६६ टक्के जागा मोकळी राहते, २४ बाय २४ मध्ये सुमारे ५४ टक्केच. चार बाय चार फुटांची दोन काचांची स्लायडिंग खिडकी मुळात अर्धीच उघडते, म्हणजे आठ चौरस फूट. पहिल्या जाळीतून त्यातले सव्वापाच फूट हवेला मिळतात, दुसरीतून जेमतेम सव्वाचार. स्टीलची तार बारीक असली तर तितक्याच भोकांच्या जाळीत मोकळी जागा वाढते, म्हणून स्टील घेताना तारेची जाडीही विचारा.

आता खर्च. पुढचे दर हिशेबापुरते धरलेत. गावोगाव ते बदलतात. वेल्क्रोची फायबरग्लास जाळी ४० रुपये फुटाने १६ फुटांना ६४० रुपये पडेल. भाड्याच्या घराला ती सोयीची, कारण भिंतीला भोक पाडावं लागत नाही. पण स्लायडिंग खिडकीत काच सरकवायला दरवेळी वेल्क्रो सोडवावा लागतो आणि तो लवकर ढिला होतो. तिसरा ट्रॅक असेल तर ॲल्युमिनियम चौकटीतलं सरकतं जाळीचं दार घ्या. आठ फुटांना १५० च्या दराने १२०० होतात. ठरवण्याआधी किमान किती फुटांचे पैसे लावणार ते विचारा. लहान खिडकीचं बिल तिथेच फुगतं.

तळमजल्यावर उंदीर-मांजरं फायबरग्लास फाडतात, तिथे ३०४ स्टील बरं. समुद्राजवळ मात्र त्यावरही तांबूस डाग पडतात. ३१६ परवडत नसेल तर फायबरग्लासच ठेवा. साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी कोकणात गंजते.

कोणतीही जाळी धुळीने बुजते. दर महिन्या-दोन महिन्यांनी मऊ ब्रशने धुतली नाही तर मापाचा फायदा उरत नाही.

पलंगाच्या मच्छरदाणीत चौरस इंचाला किमान १५६ भोकं हवीत. पॉलिएस्टरचा धागा पातळ असल्याने तेवढ्यातही हवा खेळते. जाड सुती मच्छरदाणीत घुसमटतं. मच्छरदाणी पलंगापेक्षा ऐसपैस घ्या. हात-पाय कापडाला टेकले की डास बाहेरूनच चावतो. खालची झालर गादीखाली खोचता येईल इतकी लांब आहे ना, ते दुकानातच उलगडून बघा.