सात दिवस कुणाचे?

चि. भाचीस,


ज्या पेपरच्या आधी जास्त सुट्टी, तो विषय शेवटी उजळणीला ठेवू का, असं तू विचारलंस. उत्तर एका मुलीच्या हिशेबातून लिहितो. मुलगी मनातली आहे, वेळापत्रक मात्र राज्य मंडळाचं, २०२५ च्या दहावीचं, खरं आहे.

ही मुलगी सिंदेवाही तालुक्यातल्या जंगलालगतच्या गावातली. मराठी माध्यम, मराठी प्रथम भाषा. २१ फेब्रुवारीला तिचा मराठीचा पेपर झाला आणि इंग्रजी आला थेट १ मार्चला. मग ३ ला हिंदी, ५ ला बीजगणित, ७ ला भूमिती, १० ला विज्ञान भाग १, १२ ला विज्ञान भाग २, १५ ला इतिहास-राज्यशास्त्र आणि १७ ला भूगोल. २५ दिवसांत नऊ पेपर, म्हणजे मोकळे दिवस सोळा. पण त्यांतले सात एकट्या इंग्रजीच्या आधी आले. विज्ञान १ आणि इतिहास यांच्या वाट्याला दोन-दोन, बाकी सगळ्यांना एकेकच. बीजगणितालाही एकच.

वर्गातली बहुतेक मुलं पुढच्या पेपरचं पुस्तक उघडतात आणि तो पेपर होईपर्यंत दुसरं हाती धरत नाहीत. तसं केलं तर इंग्रजीला सात दिवस आणि बीजगणिताला ४ मार्चचा एक दिवस मिळतो. ही वाटणी त्या मुलीनं केलेली नाही, मंडळाच्या तारखांनी केलेली आहे. तिला कोणता विषय जड जातो हे त्या तारखांना ठाऊक नसतं.

ते तिला सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका सांगतात. समजा, तिला ४० पैकी बीजगणितात १४, भूमितीत १९, विज्ञान १ मध्ये १७, विज्ञान २ मध्ये २७, इतिहासात २६ आणि भूगोलात २९ मिळाले. भाषांत ८० पैकी इंग्रजीत ३८, हिंदीत ५५, मराठीत ५२. नुसता आकडा पाहून थांबू नये. गेलेला प्रत्येक गुण कशानं गेला ते उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीनं लिहावं: आलंच नाही, वेळ पुरला नाही, की येत असून चुकलं. बीजगणितातले गुण ‘आलंच नाही’मुळे गेले असतील, तर तो विषय एका दिवसात उभा राहत नाही. भूगोलातले गुण नकाशात ठिकाणं चुकल्यानं गेले असतील, तर आदल्या दिवशी नकाशे भरले तरी बरंच परत येतं.

दुसऱ्यांच्या अडचणीवरूनही आपला क्रम ठरवू नये. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि आपल्या नागपूर विभागाचा ९०.७८, सर्व विभागांत सर्वांत कमी. त्यावरून एका मुलीला कोणता विषय जड आहे ते कळत नाही. एटापल्ली, भामरागडकडच्या, घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला मराठीचा पेपरच सर्वांत जड जाऊ शकतो. त्याचे २१ फेब्रुवारीच्या आधीचे दिवस मराठीच्या निबंधाला आणि व्याकरणाला जायला हवेत. सिंदेवाहीच्या या मुलीचे तेच दिवस भूमितीला जायला हवेत.

भूमितीला का, ते पुढे येईल. आधी एवढं लक्षात घे, पेपरांमधलं अंतर फक्त पुढच्या पेपरांना उसनं देता येतं, मागच्यांना नाही. २०२४ च्या वेळापत्रकात इतिहास २२ मार्चला आणि भूगोल २६ ला होता. मधे तीन मोकळे दिवस होते, पण गणित-विज्ञान तोवर उरकलं होतं. २०२५ मध्ये मोठं अंतर सुरुवातीला आलं, म्हणून ते सगळ्यांच्या कामाचं ठरलं.

आता ते सात दिवस, २२ ते २८ फेब्रुवारी. इंग्रजीही तिला जड आहे, म्हणून सकाळचा वेळ इंग्रजीचाच. दुपारी बीजगणित. त्यात प्रकरणं सहा: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. रोज एक घेतलं की २७ तारखेला सहा होतात आणि २८ ला घड्याळ लावून दोन तासांत एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवता येते. संध्याकाळी विज्ञान १ मधली उदाहरणं, गुरुत्वाकर्षणाची आणि भिंगांची, थोडी थोडी. उदाहरणं हाताला रोज लागतात. एका दिवशी पन्नास सोडवून ती दहा दिवस टिकत नाहीत. पाठांतराचा भाग उलट आहे, तो पेपरच्या जितका जवळ असेल तितका बरा.

हिंदीला २ मार्चचा रविवार पुरतो. ४ मार्चला बीजगणिताचं नवं काहीच शिकायचं नाही, २८ च्या प्रश्नपत्रिकेत चुकलेलं तेवढंच पुन्हा सोडवायचं. प्रश्नपत्रिकेतल्या पहिल्या दोन प्रश्नांना मिळून ४० पैकी २० गुण असतात आणि त्यांतली उदाहरणं एक-दोन गुणांची असतात. २५ फेब्रुवारीपर्यंत ठरलेल्या चारांपैकी दोनच प्रकरणं झाली असतील, तर बेत कोलमडतोय हे ओळखावं आणि उरलेल्या प्रकरणांतली चार गुणांची उदाहरणं सोडून या लहान उदाहरणांवर जोर द्यावा.

बीजगणिताचा पेपर दुपारी सुटला की कुणाचं उत्तर काय आलं, या चर्चेत संध्याकाळ जाते. भूमितीला हातात तेवढी संध्याकाळ आणि ६ तारीख, आणि प्रकरणं सात. म्हणूनच समरूपता, वर्तुळ आणि भौमितिक रचना २१ फेब्रुवारीच्या आधी पक्क्या झालेल्या असाव्या लागतात. प्रमेयांच्या सिद्धता आणि त्रिकोणमितीची सूत्रं ६ तारखेला पुन्हा लिहून काढता येतात, रचना मात्र हातात बसलेलीच हवी.

८ आणि ९ मार्च पूर्णपणे विज्ञान १ चे. फेब्रुवारीतल्या संध्याकाळी उदाहरणांचा सराव झालेला असल्यानं हे दोन दिवस रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगांना मिळतात. विज्ञान २ मध्ये तिला २७ आहेत, ११ तारखेचा एक दिवस आकृत्यांना आणि फरक लिहिण्याला पुरेल. हेच गुण १५ असते, तर फेब्रुवारीतल्या संध्याकाळी दोन्ही विज्ञानांत वाटून द्याव्या लागल्या असत्या.

१३ आणि १४ मार्च कागदावर दोन दिवस दिसतात, पण २०२५ मध्ये १३ ला होळी आणि १४ ला धुळवड होती. शिवाय होळीच्या आगेमागे मोहफुलं पडू लागतात आणि आपल्याकडे पहाटेचा वेळ घरच्यांबरोबर वेचणीत जातो. वाघाच्या भीतीनं एकट्यादुकट्यानं जाताही येत नाही, एक गेलं की सगळ्यांना जावं लागतं. गावातल्या मुलीनं या दोन दिवसांचा एकच दिवस धरावा. तो इतिहासाला द्यावा, आणि वेळ उरलाच तर भूगोलातल्या भारत-ब्राझील तुलनेला. १६ तारखेचा रविवार भूगोलाचा आहेच.

तुझं वेळापत्रक हाती आलं की तारखांपुढे मधले मोकळे दिवस लिही, त्यापुढे सराव परीक्षेचे गुण, आणि सणाच्या, प्रवासाच्या, वेचणीच्या दिवसांवर काट मार. तो कागद आणि बीजगणिताची उत्तरपत्रिका दोन्ही पाठव, भूमिती कधी सुरू करायची ते त्यावरून ठरवू.

तुझा,
मामा