*या आठवड्याचा पाठ : टोमण्याला उत्तर लिहिताना*



मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. आपण मोबाइलवर एखादी चांगली गोष्ट कळवतो आणि कोणीतरी मधेच खोचक बोलून सगळा विरस करतो. अशा वेळी गप्प बसावं की उत्तर द्यावं? उत्तर द्यायचं तर कसं? आमच्यावर हा प्रसंग इंदूरमध्ये आला होता, तोच आज उलगडून सांगतो. त्यात आमचीही चूक झाली होती, तीही सांगतो.

आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांचा एक गट आहे, साधारण १४० माणसांचा. आम्ही चौघं दर रविवारी सकाळी मुलांसाठी मराठी वाचनाचा वर्ग घेतो. महिन्याला ५० रुपये वर्गणी. इकडची मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, त्यामुळे ‘ळ’ त्यांच्या जिभेवर बसत नाही. ‘मला कळलं’ म्हणायच्या ऐवजी ‘मला कललं’ म्हणतात. वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले, तेव्हा आम्ही गटावर लिहिलं की नवीन मुलांनाही घेतो आहोत. दहा मिनिटांत एका गृहस्थांचा संदेश आला :

“वा! म्हणजे पुढची पिढी नोकरीच्या मुलाखतीत ‘ळ’ म्हणून दाखवणार. आणि पन्नास-पन्नास रुपये गोळा करून पोहे-जिलबी कोणाची होते, तेही कळू द्या.”

वाचल्यावर काय झालं असेल ते तुम्ही जाणताच. कान तापले.

*पहिलं उत्तर : रागाचं*

आमच्यातल्या एकानं लगेच लिहायला घेतलं : “तुमच्यासारख्या लोकांमुळेच मराठी मागे पडली. तुम्ही आजवर काय केलंत समाजासाठी?”

हे पाठवलं नाही, ते बरं झालं. असं उत्तर गेलं की पुढचा संदेश ‘मी काय केलं’ यावर येतो, त्यापुढचा ‘तुम्ही कोण विचारणारे’ यावर. चौथ्या संदेशापर्यंत वर्ग, मुलं, पुस्तकं हे सगळं कुठल्या कुठे गेलेलं असतं. टोमणा मारणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. ज्याला ट्रोल म्हणतात तो माणूस उत्तर मिळावं म्हणून विचारतच नाही. आपण भडकावं म्हणून तो विचारतो.

*दुसरं उत्तर : हसरं, पण चुकीचं*

मग आम्ही शहाणे झालो आणि विनोद लिहिला : “काका, तुमचा ‘ळ’ कच्चा असेल तर रविवारी या, पहिल्या बाकावर जागा राखून ठेवतो.”

आम्हा चौघांना हे फार आवडलं. पाठवणारच होतो. पण वर्गात शिकवणाऱ्या एका वहिनींनी थांबवलं. त्या शाळेत बरीच वर्षं शिकवत होत्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

पहिली अशी : “याला हसणार कोण? आपणच ना? बाकीचे वाचतील, त्यांना दिसेल की पैशाचं विचारलं आणि यांनी थट्टेवर नेलं. म्हणजे काहीतरी लपवतायत.”

दुसरी त्याहून मार्मिक होती : “गटातल्या निम्म्या आई-बाबांचाच ‘ळ’ कच्चा आहे. तुम्ही मारला एकाला, लागला सगळ्यांना. ते आपली मुलं पाठवतील का मग?”

आम्ही गप्प झालो. खरंच होतं. थट्टा ज्याच्यावर केली त्याला ती लागो न लागो, त्याच्यासारख्या प्रत्येकाला लागते. आणि ज्यांची मुलं वर्गात यावीत असं आम्हाला वाटत होतं, ते हेच लोक होते.

*उत्तर कोणाला लिहायचं?*

इथे सगळ्या पाठाचं मूळ आहे. टोमणा मारणारा एक असतो. त्याच्याशी वाद घालणारे दोन-तीन. उरलेले सव्वाशेच्या वर लोक काही बोलत नाहीत, पण वाचतात. खात्री करायची असेल तर गटावर पाठवलेल्या आपल्याच संदेशावर बोट दाबून ठेवा आणि माहितीत जाऊन पाहा. कोणी कोणी वाचलं याची यादीच समोर येते. ज्या शेजाऱ्याला आपण कधी बोलताना पाहिलं नाही, त्याचंही नाव त्यात असतं.

उत्तर त्या शेजाऱ्याला लिहायचं असतं. टोमणा मारणाऱ्याचं मत बदलणं आपल्या हातात नाही. पण जो अजून कुठल्याच बाजूला नाही, तो दोन्ही संदेश एकाखाली एक वाचतो आणि मनात ठरवतो की यातला भरवशाचा माणूस कोणता.

*तिसरं उत्तर : जे पाठवलं*

वहिनी म्हणाल्या, आधी त्यांच्या संदेशाचे तुकडे करा. टोमणा किती, आरोप किती, खरा प्रश्न किती? आम्ही केले. ‘ळ’ चा टोमणा होता. पोहे-जिलबीचा आरोप होता. पण त्या आरोपाच्या पोटात एक रास्त प्रश्न होता : पैशांचा हिशेब कुठे आहे? तो आम्ही गटावर कधी दिलाच नव्हता. उत्तर गटात न लिहिता आधी स्वतःलाच संदेश म्हणून पाठवलं, रात्रभर राहू दिलं आणि सकाळी दोन वाक्यं खोडली. शेवटी गेलं ते असं :

“‘ळ’ मुळे नोकरी मिळत नाही, हे अगदी खरं. आमच्यातल्या तिघांना तो स्वच्छ येतो, तरी बढती अडलेलीच आहे. हिशेब मागितलात ते बरं केलंत, तो द्यायचा राहिला होता. या महिन्यात २२ मुलांचे १,१०० रुपये जमले. पुस्तकं ७४०, वह्या-खडू २१०, शिल्लक १५०. वही दर रविवारी वर्गात टेबलावर असते, कोणीही उघडून पाहावी. पोहे-जिलबी ज्याची त्याच्या खिशातून होते. तुम्ही आलात तर तुमची प्लेट आमच्या खिशातून, वर्गणीतून नव्हे.”

आता यात काय काय आहे ते सावकाश पाहा. विनोद दोनदा येतो. पहिल्यांदा तो आमच्याच अडलेल्या बढतीवर आहे, दुसऱ्यांदा आमच्याच खिशावर. त्या गृहस्थांवर एकदाही नाही. पहिल्याच वाक्यात त्यांचं जे पटण्यासारखं होतं ते मान्य केलं आहे, त्यामुळे त्यांना पुढे ओढायला दोरीच उरत नाही. मधला भाग, म्हणजे हिशेब, त्यात गंमत अजिबात नाही. पैशाचं, तब्येतीचं, वेळेचं उत्तर सरळ आणि आकड्यात द्यावं, हसू आधी किंवा नंतर. हिशेबातच विनोद घातला असता तर वाचणाऱ्याला पुन्हा शंका आली असती. आणि शेवटचं आमंत्रण खरं होतं. ते आले असते तर खरोखर खाऊ घातलं असतं. खोटं आमंत्रण लगेच ओळखू येतं.

खोडलेली दोन वाक्यंही सांगतो. एक होतं “अहो महाशय”. बोलताना आवाजानं ते सांभाळून घेता येतं, पण लिहिलं की त्याचा टोमणाच होतो. तसंच हात जोडल्याचं किंवा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारं चिन्ह. ते आम्ही टाकलंच नाही, कारण वादात ते चिन्ह समोरच्याला हिणवल्यासारखं वाचलं जातं. दुसरं वाक्य होतं “आम्ही निःस्वार्थपणे सेवा करतो”. हे आपण म्हणायचं नसतं. वहीच ते सांगते.

*नंतर काय झालं*

त्यांचा पुन्हा संदेश आला : “हिशेब द्यायला दोन महिने लागले का?” आम्ही एकच ओळ लिहिली : “हो, आधीच द्यायला हवा होता. यापुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टाकू.” मग थांबलो. त्यानंतरही एक टोमणा आला, त्याला उत्तर दिलं नाही. एकदा नीट उत्तर, गरज पडली तर एक ओळ, आणि पुढे मौन. तिसऱ्या उत्तरापासून वाचणाऱ्याला दोघंही सारखेच भांडखोर दिसू लागतात.

उत्तर साधलं की नाही हे कसं ओळखायचं? आपल्याच लोकांनी “मस्त सुनावलंत!” असं लिहिलं, तर समजा चुकलं. आपली माणसं तर आधीपासून आपलीच होती. आम्हाला खूण मिळाली ती वेगळी. संध्याकाळी एका कधीच न बोलणाऱ्या ताईंनी विचारलं, “सहा वर्षांच्या मुलाला घेता का?” एवढंच. वादाचा उल्लेखही नाही. असा साधा, कामाचा प्रश्न अनोळखी माणसाकडून आला की समजावं, गोष्ट पुन्हा मुद्द्यावर आली.

गौतम बुद्धांची एक गोष्ट संयुत्त निकायात आहे, ती इथे आठवते. राजगृहात एक ब्राह्मण चिडून त्यांना वाटेल ते बोलला. बुद्धांनी त्याला घरगुती प्रश्न विचारला : तुझ्याकडे पाहुणे येतात का? त्यांनी वाढलेलं खाल्लं नाही तर ते अन्न कोणाचं राहतं? तो म्हणाला, माझंच. तसंच तुझे हे शब्द आम्ही घेतले नाहीत, ते तुझ्याकडेच राहिले, असं बुद्ध म्हणाले. बोलणं सौम्य आहे, थोडं हसूही येतं, पण त्यात त्या माणसाचा अपमान कुठेच नाही. पुढे तोच त्यांच्या संघात आला, असं ती गोष्ट सांगते. आमचे गृहस्थ काही आले नाहीत. त्यांची प्लेट अजून बाकी आहे.

*कुठे हसायचं नाही*

धमकी, कोणाच्या बाईमाणसाबद्दल घाणेरडं बोलणं, जातीवरून बोलणं, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता उघड करणं, आणि घरात दुःख झालेल्या माणसाची चेष्टा. यांना विनोदानं उत्तर देऊ नये, कारण हसलो की ते चालण्यासारखं आहे असं वाटतं. अशा वेळी आधी पडद्याचा फोटो काढून ठेवावा, मग गटाच्या अॅडमिनला सांगावं. ते तो संदेश सगळ्यांसाठी काढून टाकू शकतात. प्रकरण गंभीर असेल तर cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

आणि शेवटी एक. कधीकधी टोचून बोलणारा माणूस ट्रोल नसतो, तो दुखावलेला असतो आणि त्याचं म्हणणं पूर्ण बरोबर असतं. तिथे विनोद नको. “चुकलं, सुधारतो” एवढंच लिहावं, आणि सुधारावं.

*या आठवड्याचा अभ्यास :* तुमच्या मोबाइलमधला एखादा जुना खोचक संदेश काढा. त्याचे तुकडे वहीत लिहा : टोमणा कुठला, आरोप कुठला, प्रश्न कुठला. मग पाच-सहा वाक्यांचं उत्तर लिहा, ज्यात प्रश्नाचं उत्तर सरळ असेल आणि हसू स्वतःवरच असेल. पाठवू नका. घरात ज्याला त्या वादातलं काही माहीत नाही अशा कोणाला तरी दोन्ही वाचून दाखवा आणि विचारा, “तुला कोण पटलं?”