गिळण्यातील दोष आणि उजव्या फुफ्फुसाचा खालचा खंड

पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या छातीचे क्ष-किरण चित्र पाहण्यास घेतले की आपली दृष्टी सवयीने उजवीकडे खाली वळते आणि बहुधा तेथेच छाया सापडते. विद्यार्थिदशेत याचे कारण आपण एका वाक्यात पाठ केलेले असते: उजवी श्वसनी अधिक रुंद, अधिक आखूड आणि अधिक सरळ असते. हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. छाया खालच्या खंडाच्या नेमक्या कोणत्या भागात आहे हे पाहिले, तर अन्न वा लाळ श्वासमार्गात गेली तेव्हा रुग्ण बसलेला होता की निजलेला, याचाही अंदाज बांधता येतो. तो अंदाज औषधाच्या चिठ्ठीइतकाच उपयोगी पडतो, म्हणून या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आधी रचना पाहू. श्वासनलिका छातीत उतरते ती अगदी मधोमध नव्हे. महाधमनीची कमान तिला किंचित उजवीकडे ढकलते. दुभाजनाचा कंगोरा, म्हणजे कॅरिना, मात्र मध्यरेषेच्या थोडा डावीकडे असतो. परिणामी श्वासनलिकेतून सरळ खाली येणाऱ्या वस्तूला उजवे तोंड अधिक उघडे सापडते. प्रौढांत उजवी मुख्य श्वसनी उभ्या रेषेशी सुमारे २५ अंशांचा कोन करते, तर डावीला हृदय आणि महाधमनी यांना वळसा घालावयाचा असल्याने तिचा कोन सुमारे ४५ अंशांचा होतो. उजवीची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, डावीची जवळजवळ पाच. शिवाय उजवे फुफ्फुस मोठे असल्याने श्वासाबरोबर आत येणाऱ्या हवेचा मोठा वाटा तिकडे जातो, आणि घशात रेंगाळलेला द्रव हवेबरोबरच ओढला जातो. लहान मुलांत दोन्ही बाजूंच्या कोनांत एवढा फरक नसतो. म्हणूनच शेंगदाणा अडकलेल्या बाळात डावी बाजूही तितक्याच काळजीने तपासावी लागते.

उजव्या मुख्य श्वसनीतून वरच्या खंडाची शाखा लगेचच जवळजवळ काटकोनात बाजूला फुटते. सरळ उतरणाऱ्या द्रवाला हे वळण घेणे अवघड जाते. तो तसाच मधल्या श्वसनीत उतरतो. तेथून मधल्या खंडाची शाखा पुढच्या भिंतीतून निघते, आणि जवळपास त्याच पातळीवर, बरोबर समोरच्या म्हणजे मागच्या भिंतीतून, खालच्या खंडाच्या सुपीरिअर सेगमेंटची शाखा थेट पाठीच्या दिशेने निघते. मूळ वाट खाली चालू राहून तळाच्या उपखंडांत विभागते. म्हणजे खालचा खंड हा एक कप्पा नसून त्याला दोन निराळ्या दिशांची तोंडे आहेत, एक पाठीकडे आणि दुसरे मध्यपटलाकडे.

आता रुग्णाला बसवा. गुरुत्वाकर्षण द्रवाला तळाच्या उपखंडांकडे नेते. त्याच रुग्णाला उताणे निजवा. श्वासनलिकेची मागची भिंत ही आता जमीन झाली आणि सुपीरिअर सेगमेंटचे तोंड हे त्या जमिनीतील पहिल्या मोठ्या खड्ड्यासारखे झाले. वरच्या खंडाच्या मागील उपखंडाचीही स्थिती तशीच होते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे शल्यविशारद रसेल ब्रॉक यांनी फुफ्फुसातील गळवांच्या जागांचा शरीरस्थितीशी असलेला हा संबंध बारकाईने मांडला. श्वसनीवृक्षाच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, तरी त्यांचे विवेचन आजही जुने वाटत नाही.

पण द्रव मुळात श्वासनलिकेत शिरतो कसा? एरवी घास घशात येताच स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, एपिग्लॉटिस त्यावर झुकते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. गिळून झाल्यावर आपण बहुधा उच्छ्वास सोडतो, त्यामुळे चुकार थेंब बाहेर फेकला जातो. पक्षाघातानंतर या क्रियेची सुरुवातच उशिरा होते. चहा किंवा ताक जिभेवरून घसरून स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत जाऊन थांबते, ते खळगे भरतात आणि मागच्या काठावरून ओसंडतात. काही रुग्णांत गिळणे वेळेवर होते, पण घशाचे स्नायू दुबळे असल्याने घासाचा अंश खळग्यांत उरतो आणि पुढच्या श्वासाबरोबर आत जातो. पातळ पदार्थ वेगाने घसरतो म्हणून तो घट्ट पदार्थापेक्षा अधिक धोक्याचा. घरोघरी समजूत नेमकी उलट असते: आजारी माणसाला पातळच द्यावे!

यातील फसवा भाग असा की ठसका लागेलच असे नाही. स्वरयंत्राची संवेदना मंदावली असेल तर द्रव स्वरतंतूंच्या खाली उतरूनही रुग्ण शांत राहतो. घशाला स्पर्श केल्यावर उमासा येतो की नाही, यावरून गिळणे सुरक्षित आहे असे ठरवता येत नाही. त्या प्रतिक्षिप्त क्रियेचा गिळण्याशी फारसा संबंध नाही. त्याहून भरवशाची खूण म्हणजे घोट घेतल्यानंतरचा ओला, गुरगुरता आवाज.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. बहात्तर वर्षांचे गृहस्थ, उजव्या अंगाचा पक्षाघात, सहाव्या दिवशी रुग्णालयातून घरी आले. चौथ्या दिवशी मुलगा सांगत येतो, “डॉक्टर, बाबा कालपासून सारखे झोपूनच आहेत, जेवतही नाहीत. ताप तसा काही नाही.” तपमान ९९.६, श्वास मिनिटाला २८, प्राणवायूची संपृक्तता ९१ टक्के. खोकला जवळजवळ नाही. वृद्धांत न्यूमोनिया असाच येतो. ताप आणि खोकला यांची वाट पाहू नये, श्वास मोजावा. पाठीच्या तळाशी ऐकू येणारा आवाज स्वच्छ आहे. पण उजवा हात समोर घेऊन खांद्याचे पाते बाजूला सरकवले आणि पाते व कणा यांच्या मधल्या जागी स्टेथोस्कोप ठेवला, तर तेथे बारीक करकर ऐकू येते. सुपीरिअर सेगमेंट पाठीला भिडतो तो याच जागी, आणि घाईच्या तपासणीत हीच जागा राहून जाते.

समोरून घेतलेल्या चित्रात उजव्या हायलमजवळ, फुफ्फुसाच्या मध्यभागी अस्पष्ट छाया दिसते. ‘मधल्या खंडाचा न्यूमोनिया’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु हृदयाची उजवी कड स्पष्ट आहे, म्हणजे मधला खंड नव्हे. मध्यपटलाची रेषाही स्पष्ट आहे, म्हणजे तळाचे उपखंड नव्हेत. बाजूने चित्र घेतल्यावर छाया कण्यावर पडलेली दिसते आणि निदान पक्के होते: खालच्या खंडाचा सुपीरिअर सेगमेंट. म्हणजे द्रव गेला तेव्हा गृहस्थ उताणे होते.

मग सूनबाईंना विचारावे, पण ‘बसवून भरवता ना?’ असे नव्हे, त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. ‘कसे भरवता ते करून दाखवा’ असे म्हणावे. तेव्हा कळते की डोक्याखाली दोन उशा आहेत. मान वाकली आहे, पण धड आडवेच आहे. चहा चोचीच्या फीडिंग कपातून देतात. कप रिकामा होत आला की मान मागे जाते, आणि मान मागे गेली की श्वासमार्ग अधिकच उघडतो. जेवण होताच ‘जरा पडा आता’ म्हणून त्यांना निजवले जाते, तेव्हा खळग्यांतील उरलेला अंश मागे ओघळतो. भरवणाऱ्यांच्या मायेत काही उणे नाही. हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

उपचारात प्राणवायू आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन, प्रतिसाद ठीक असेल तर पाच ते सात दिवस. सवयीने मेट्रोनिडॅझोल जोडण्याची गरज नाही. अमेरिकेतील वक्षरोग व संसर्गरोग संस्थांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गळू किंवा छातीत पू झाल्याचा संशय असेल तरच प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंसाठी वेगळे औषध द्यावे. ओकारीतील जठराम्ल आत गेल्याने होणारा दाह हा निराळा प्रकार होय. तो काही तासांत उफाळतो, एकदोन दिवसांत ओसरूही शकतो, आणि त्यात सुरुवातीला जंतुसंसर्ग असतोच असे नाही.

शुद्ध पूर्ण आल्यावर रुग्णाला ताठ बसवून चमच्याचमच्याने पाणी देऊन पाहावे. आवाज ओला झाला किंवा श्वास वाढला तर थांबावे. हे नीट जमले तरच ९० मिलिलिटर पाणी न थांबता पिण्याची चाचणी घ्यावी. धड ताठ, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, एक घास गिळून तोंड रिकामे झाल्यावरच दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसलेलेच राहणे, एवढे घरात पाळता येते. मऊ भात, घट्ट पेज, दाट केलेले वरण चालते. पातळ ताक आणि सार काही दिवस दूर ठेवावे. हनुवटी खाली घेण्याचा उपाय सर्वांनाच लागू पडत नाही. शक्य असेल तेथे गिळण्याचे तज्ज्ञ व क्ष-किरण चलच्चित्र यांची मदत घ्यावी.

नळी घातली की प्रश्न मिटला, असे मात्र नाही. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती नळीतून जात नाही. निरोगी माणसांपैकीही जवळजवळ निम्म्या माणसांत झोपेत लाळेचा अंश श्वासमार्गात उतरतो. त्यांना काही होत नाही, कारण लाळ थोडी असते, तोंड स्वच्छ असते आणि श्वसनीतील रोमांची हालचाल शाबूत असते. अंथरुणातील रुग्णाच्या दातांवर कीट चढलेले असते, आणि कवळी रात्रंदिवस तोंडातच राहते. सुसान लँगमोर यांच्या १९९८ च्या अभ्यासात न्यूमोनियाशी सर्वांत निकटचा संबंध आढळला तो खाण्यासाठी आणि तोंडाच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून असण्याशी. केवळ गिळण्यातील दोष पुरेसा ठरला नाही. जपानमधील वृद्धाश्रमांत दोन वर्षे झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची मुखस्वच्छता नियमित केली गेली त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, इतरांपैकी १९ टक्क्यांना. जेवणानंतर मऊ ब्रशने दात व जीभ साफ करणे आणि रात्री कवळी काढून ठेवणे हे नळी असलेल्या रुग्णातही करावयाचे असते. तोंडाने जेवत नाहीत म्हणून त्यांचेच तोंड बहुधा विसरले जाते.

आपल्या नमुन्यातील गृहस्थांना पुढे पुन्हा न्यूमोनिया झाला आणि छाया तळाच्या उपखंडांत आली, तर सूनबाईंनी शिकवलेले पाळले नाही असे लगेच समजू नये. बसवूनही द्रव आत जात आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा पदार्थाचा घट्टपणा आणि घासाचे प्रमाण बदलावे लागते.

उजव्या बाजूचा नियम हा बहुसंख्येचा नियम आहे. डाव्या कुशीवर निजवलेल्या रुग्णात द्रव डावीकडेच जाईल, आणि वारंवार थोडे थोडे जात असेल तर दोन्ही तळ भरलेले दिसतील. डाव्या खालच्या खंडातील छाया तर हृदयामागे लपते. समोरच्या चित्रात हृदयाच्या आरपार मध्यपटलाची रेषा कण्यापर्यंत दिसते की मध्येच पुसली जाते, हे मुद्दाम पाहावे लागते. पहिल्या काही तासांत चित्र स्वच्छही असू शकते. श्वासाची गती वाढलेलीच असेल तर दुसऱ्या दिवशी चित्र पुन्हा घ्यावे.