उत्तर कोणत्या बाजूला झुकेल?

उधव्याहून कामाला जाणारी बरीच मुले सीमा ओलांडून जातात. कोणी वापीला, कोणी सरीगाम-उंबरगावच्या वसाहतीत, कोणी सिल्वासाला. काही जण उलट्या दिशेने बोईसर-तारापूरला खोली घेऊन राहतात. या सगळ्या पट्ट्यात रसायने, रंग आणि औषधे बनतात, त्यामुळे रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्याला पहिली नोकरी बहुधा क्यूसी लॅबमध्येच मिळते. अशाच एका लॅबमध्ये मी काम करतो आणि नवीन केमिस्टच्या मुलाखती होतात तेव्हा साहेबांच्या शेजारी बसतो. तलासरी-डहाणूकडची मुले कुठे अडकतात हे मी तिथून पाहत आलो आहे. अडकण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते, म्हणून ती एका मुलाखतीच्या आधाराने सांगतो.

मुलगा आमच्याच बाजूचा, पहिल्या वर्गात पास झालेला. साहेबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली : कॉलेजात केलेला कोणताही एक प्रयोग सांगा. त्याने ऑक्झॅलिक आम्ल वापरून सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची नॉर्मॅलिटी काढण्याचा प्रयोग निवडला. निवड उत्तम होती, कारण आमच्या लॅबमध्ये हे काम नेहमीचे आहे. त्याने जर्नलमधल्या पायऱ्या न अडखळता सांगितल्या. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, पिपेटने 10 मिली ऑक्झॅलिक आम्ल कोनिकल फ्लास्कमध्ये, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब आणि फिकट गुलाबी रंग आला की रीडिंग.

मग साहेबांनी विचारले, ब्युरेटच्या तोटीत सुरुवातीला हवेचा बुडबुडा राहिला आणि टायट्रेशन चालू असताना तो निघून गेला, तर तुमचे उत्तर जास्त येईल की कमी? मुलगा म्हणाला, "सर, चूक येईल." साहेब म्हणाले, चूक येईल हे मलाही माहीत आहे, कोणत्या बाजूला येईल ते सांगा. त्याने अंदाजाने "जास्त" म्हटले. कारण विचारल्यावर तो गप्प झाला. त्याची निवड झाली नाही.

हा प्रश्न का विचारतात, हे आकडे घेऊन पाहू. ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात. त्याचे रेणुवस्तुमान 126.07 आणि तुल्यभार त्याच्या निम्मा, म्हणजे 63.04. ते 0.6304 ग्रॅम तोलून 100 मिलीच्या प्रमाणित फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरले की 0.1 नॉर्मल द्रावण मिळते. यातले 10 मिली घेतल्यावर ब्युरेटचे खरे रीडिंग 9.8 मिली येते असे समजा. मग सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी 0.1 गुणिले 10 भागिले 9.8, म्हणजे 0.102. आता तोटीतला 0.3 मिलीचा बुडबुडा मधेच निघून गेला. त्याची जागा द्रावणाने भरली, पण ते द्रावण फ्लास्कमध्ये पडलेच नाही. ब्युरेट मात्र 10.1 दाखवते. 10 भागिले 10.1 केल्यावर नॉर्मॅलिटी येते 0.099. म्हणजे रीडिंग वाढले आणि उत्तर कमी झाले.

हेच द्रावण पुढे मालाच्या तपासणीला वापरले जाते. एखाद्या मालाचे 10 ग्रॅम सँपल घेतले, त्याला 20 मिली सोडियम हायड्रॉक्साइड लागले आणि आम्लता ॲसिटिक आम्लाच्या हिशेबात जास्तीत जास्त 1.20 टक्के चालते असे धरा. खरी नॉर्मॅलिटी 0.102 धरली तर आम्लता 1.22 टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे बॅच नापास. चुकीची 0.099 धरली तर 1.19 टक्के येते आणि तीच बॅच पास होऊन टँकरमध्ये भरली जाते. हा आकडा आपल्या बाजूने चुकलेला आहे, त्यामुळे कारखान्यात कोणाला शंकाही येत नाही. ग्राहकाच्या लॅबमध्ये मात्र तो पकडला जातो. साहेबांना हा विचार करणारा माणूस हवा असतो.

आता या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून होणाऱ्या नेहमीच्या चुका एकेक करून तपासा. ब्युरेट नुसत्या पाण्याने धुतली आणि सोडियम हायड्रॉक्साइडने खळखळली नाही, तर आत राहिलेले पाणी द्रावण पातळ करते आणि रीडिंग वाढते. कोनिकल फ्लास्क ऑक्झॅलिक आम्लाने खळखळला, तर 10 मिलीपेक्षा जास्त आम्ल आत जाते आणि रीडिंग वाढते. पिपेटच्या टोकाशी राहणारा शेवटचा थेंब फुंकून आत घातला तरी तेच होते. फिकट गुलाबीऐवजी गडद रंग येईपर्यंत थेंब सोडत राहिलो तरी तेच. बाटलीतल्या जुन्या स्फटिकांतले पाणी उडून गेले असेल, तर तेवढ्याच वजनात आम्ल जास्त असते आणि रीडिंग पुन्हा वाढते. पाचही चुका नॉर्मॅलिटी एकाच बाजूला, खाली ओढतात. उलट, तोललेले आम्ल फ्लास्कमध्ये टाकताना थोडे बाहेर सांडले, तर रीडिंग घटते आणि नॉर्मॅलिटी वर जाते. कोनिकल फ्लास्क शुद्ध पाण्याने ओला असेल तर काहीच बिघडत नाही, कारण आत पडलेले आम्ल तेवढेच राहते. एवढे ज्याने एकदा स्वतः मांडून पाहिले, त्याला बुडबुड्याचा प्रश्न नवीन वाटत नाही.

याच प्रयोगातून आणखी दोन प्रश्न हमखास निघतात. सोडियम हायड्रॉक्साइड सरळ तोलून 0.1 नॉर्मल का करत नाही? कारण ते तोलता तोलता हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे वजन विश्वासाचे राहत नाही. औषध कंपन्यांत ऑक्झॅलिक आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरतात, कारण ते सुकवता येते आणि सुकवल्यावर त्याचे वजन टिकते. दुसरा प्रश्न दर्शकाचा. ऑक्झॅलिक आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडच्या मानाने दुबळे आहे, म्हणून टायट्रेशन संपते तेव्हा द्रावण किंचित अल्कधर्मी असते. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग साधारण 8.2 पीएचच्या पुढे बदलतो, म्हणून ते जमते. मिथिल ऑरेंज 4.4 पर्यंतच बदलून मोकळे होते, म्हणजे टायट्रेशन पुरे व्हायच्या आधीच. गुलाबी रंग थोड्या वेळाने का उडतो असेही विचारतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो म्हणून. रंग अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घ्यायचे.

उपकरणांच्या बाबतीत आमच्याकडच्या मुलांची भीती वेगळी असते. एचपीएलसी, जीसी आपण हाताळलेच नाही, मग काय सांगायचे? हाताळले नसेल तर तसे सरळ सांगा, त्याने कोणी बाद होत नाही. नव्या माणसाला ते यंत्र आम्हीच शिकवतो. बायोडेटात ते लिहून ठेवले आणि कॉलम म्हणजे काय हे सांगता आले नाही, तर मात्र खरे लिहिलेल्या बाकीच्या ओळींवरचाही विश्वास जातो. तुम्ही वापरलेली दोन साधी उपकरणे नीट सांगा : तराजू आणि पीएच मीटर.

चार दशांश स्थळांचा तराजू 0.0001 ग्रॅमपर्यंत दाखवतो. आधी त्याची पाणपातळी बघायची, दारे बंद करायची आणि आकडा स्थिर होऊ द्यायचा. गरम क्रुसिबल लगेच ठेवली तर काय होईल, असे विचारतात. तिच्या भोवतालची हवा तापून वर जाते आणि पारड्याला वर उचलते, म्हणून वजन खऱ्यापेक्षा कमी दिसते. त्यासाठीच डेसिकेटरमध्ये थंड करायचे. इथेही प्रश्न कोणत्या बाजूला हाच आहे. पीएच मीटर आधी 7 च्या बफरला आणि मग 4 किंवा 9.2 च्या बफरला लावतात. सँपल आम्लधर्मी अपेक्षित असेल तर 4, अल्कधर्मी असेल तर 9.2, म्हणजे सँपल दोन बफरांच्या मधे येते. काम झाल्यावर इलेक्ट्रोड शुद्ध पाण्यात ठेवून घरी जायचे नाही, कारण आतले क्षार बाहेर झिरपतात. तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात.

सुरक्षेवर सगळे एक वाक्य पाठ करून येतात : पाण्यात ॲसिड घालायचे, ॲसिडमध्ये पाणी नाही. त्यावर आम्ही "का?" विचारतो. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची घनता 1.84 आहे. त्यावर पाणी ओतले तर हलके पाणी वरच राहते, मिसळताना निघालेल्या उष्णतेने तिथेच उकळते आणि ॲसिडसकट अंगावर उडते. उलट केले तर ॲसिड खाली जाते आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. तरीही ते थोडे थोडे, ढवळत आणि भांडे बाहेरून थंड ठेवून घालायचे असते.

पुढचा प्रश्न असतो, ॲसिड हातावर पडले तर काय कराल? बरेच जण "खाण्याचा सोडा लावू" म्हणतात. उदासिनीकरण पुस्तकात बरोबर आहे, पण त्वचेवर त्याची उष्णता जखम वाढवते आणि सोडा शोधण्यात वेळ जातो. बरोबर क्रम असा : ताबडतोब वाहत्या पाण्याखाली जायचे, भिजलेले कपडे उतरवायचे, किमान 15 मिनिटे धुवायचे, दुसऱ्याला हाक मारायची आणि डॉक्टरकडे जायचे. डोळ्यात गेले तर आयवॉशवर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ. सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात जाणे अनेकदा ॲसिडहूनही वाईट ठरते, कारण ते ऊतक विरघळवत आत शिरते. म्हणून टायट्रेशन करतानाही गॉगल हवा. कोणत्याही नव्या रसायनाची माहिती त्याच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये असते. त्यात चौथा भाग प्रथमोपचाराचा आणि आठवा हातमोजे, गॉगल वगैरेंचा. हे दोन क्रमांक आठवले तरी समोरच्याला कळते की तुम्ही ती शीट कधीतरी उघडली आहे.

भाषेचे एक सांगतो. मुलाखत बहुतेक हिंदीत होते, मधे गुजराती येते. साहेबांना तुमची इंग्रजी फर्मास असायला नको आहे. उपकरणांची आणि रसायनांची नावे इंग्रजीत नीट माहीत असली आणि बाकीचे साध्या हिंदीत सांगता आले, की पुरते.

मुलाखतीच्या आधी तुमच्या जर्नलमधून स्वतःच्या हाताने केलेला एकच प्रयोग निवडा. प्रत्येक पायरीसमोर लिहा : इथे चुकलो तर रीडिंग वाढेल की घटेल, आणि शेवटचे उत्तर वर जाईल की खाली. मित्राला समोर बसवून ते बोलून दाखवा. दहा प्रयोगांच्या पायऱ्या पाठ करून आलेल्यापेक्षा एवढी तयारी केलेल्याला आम्ही आधी घेतो.