रेघ दिसतेय, म्हणजे हाड जुळलं नाही?

मंगळवेढ्यात हाड मोडलं की पेशंटच्या आधी त्याचा एक्स-रे दवाखान्यात पोहोचतो, मोबाइलवरून. सोबत रिपोर्टच्या कागदाचा फोटो असतो आणि त्यातल्या एखाद्या शब्दाभोवती पेनने केलेलं वर्तुळ. वर्तुळ 'डिस्प्लेस्ड'भोवती असेल तर प्रश्न येतो, "ऑपरेशनशिवाय जमणार नाही का?" 'कॉमिन्यूटेड'भोवती असेल तर, "हाडाचा चुरा झालाय म्हणे." आणि 'हेअरलाइन' असेल तर प्रश्नच येत नाही, माणूस सरळ रानात जातो. या तिघांत सगळ्यात जास्त फसवणारा शब्द मला हा तिसराच वाटतो. पण त्याकडे शेवटी येऊ.

आधी एक उदाहरण घेऊ. हा कोणी एक खरा माणूस नाही, पण ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत असे पेशंट येतच असतात. चाळिशीचे शेतकरी. फेब्रुवारीत मजुरांचा डबा घेऊन मोटरसायकलवर रानात निघाले होते. कडब्याच्या ट्रॉलीला चुकवताना गाडी घसरली आणि उजव्या पायावर पडली. नडगीचं मोठं हाड मधोमध मोडलं. कातडी फाटली नव्हती. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: 'डिस्प्लेस्ड कॉमिन्यूटेड फ्रॅक्चर ऑफ मिडल थर्ड ऑफ टिबिया.'

यातला 'मिडल थर्ड' म्हणजे जागा, हाडाचा मधला तिसरा हिस्सा. 'डिस्प्लेस्ड' म्हणजे तुकडे मूळ जागेवरून सरकलेत. पण किती सरकलेत, ते त्या एका शब्दातून कळत नाही. दोन मिलिमीटर सरकलं तरी रिपोर्टमध्ये हाच शब्द येतो आणि हाडाची दोन टोकं एकमेकांवर चढली तरीही हाच. म्हणून डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून फिल्मवर पट्टी आणि कोनमापक लावतात. नडगीच्या हाडात आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला साधारण 5 अंशांपर्यंतचा बाक, पुढे-मागे 10 अंशांपर्यंतचा बाक आणि एक सेंटिमीटरच्या आतला आखूडपणा बहुतेक वेळा चालवून घेता येतो. हाड तेवढ्यात बसतं आणि तिथेच टिकतं, तर प्लास्टरमध्येही जुळतं. सांध्याच्या आतल्या फ्रॅक्चरला मात्र हा हिशोब लागू होत नाही. मनगटाच्या सांध्यात दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी पुढे तो सांधा झिजायची भीती असते. तेव्हा 'डिस्प्लेस्ड' वाचल्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: किती सरकलंय, आणि सांध्यात गेलंय का?

आणखी एक गोष्ट एक्स-रेत नीट दिसतच नाही, ती म्हणजे पीळ. खालचा तुकडा गोल फिरलेला असेल तर समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही फिल्म सरळ वाटू शकतात. म्हणून गुडघा आणि घोटा दोन्ही फिल्ममध्ये आलेले असावे लागतात आणि दोन्ही पाय शेजारी ठेवून पंजे पाहावे लागतात.

'कॉमिन्यूटेड' म्हणजे दोनपेक्षा जास्त तुकडे, एवढंच. तीन असतील किंवा दहा असतील. त्यावरून हाडाला किती जोराचा मार बसला याचा अंदाज येतो. तरण्या माणसाच्या नडगीचे असे तुकडे व्हायला गाडीचाच मार लागतो. सत्तरीच्या आजी अंगणात हातावर पडून मनगटाचे चार तुकडे झाले, तर मात्र ते पडण्यापेक्षा हाडाच्या ठिसूळपणाचं लक्षण. त्या आजींना प्लास्टरइतकीच हाडाच्या ठिसूळपणाच्या तपासणीची गरज असते, आणि नेमकी तीच राहून जाते.

आपल्या शेतकऱ्याच्या पायाला पहिल्या रात्री कच्चं प्लास्टर घातलं. त्या रात्रीचा धोका कोणत्याच फिल्मवर दिसत नाही. नडगीचे स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. आत रक्त साचून दाब वाढला की काही तासांतच स्नायू मरायला लागतात. औषध देऊनही दुखणं वाढत जातं, अंगठा हळूच वर-खाली केला तरी पेशंट कळवळतो, बोटांना मुंग्या येतात. असं झालं तर सकाळची वाट पाहू नका. घट्ट पट्ट्या बांधून घेतलेल्या पायात हा धोका आणखी वाढतो.

मग ऑपरेशन करून हाडात रॉड घातला. दुसऱ्या दिवशीची फिल्म पाहून मेहुणे म्हणाले, "डॉक्टर, तुकडा तर अजून बाजूलाच पडलाय!" तो मुद्दाम तसाच ठेवलेला होता. कॉमिन्यूटेड फ्रॅक्चरमध्ये रॉडचं काम लांबी, सरळपणा आणि पीळ बरोबर ठेवणं. मधला तुकडा स्नायूला आणि हाडावरच्या आवरणाला चिकटून असतो, तिथूनच त्याला रक्त मिळतं. तो उचकटून नीट बसवायला गेलो तर फिल्म देखणी येते, पण तुकड्याचं रक्त तुटतं आणि जुळणं लांबतं. नवं हाड त्याला भोवतीनं सामावून घेतं.

आता पुढच्या फिल्म. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर जुळण्याचं काहीही दिसत नाही. उलट रेघ आधीपेक्षा रुंद दिसू शकते, कारण मोडलेल्या कडांवरचं मेलेलं हाड शरीर आधी साफ करतं. हे बिघडणं नव्हे. या काळातली फिल्म मुख्यतः तुकडे हलले का हे पाहायला असते. मनगट प्लास्टरमध्ये ठेवलं असेल तर ही पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली फिल्म अजिबात चुकवू नका. सूज उतरल्यावर प्लास्टर सैल होतं, बसवलेलं हाड सरकतं, आणि तेव्हा लक्षात आलं तर पुन्हा बसवता येतं. महिन्याने आलात तर ते वाकडंच जुळायला लागलेलं असतं.

सहाव्या आठवड्यात आपल्या शेतकऱ्याच्या रिपोर्टमध्ये आलं, 'फ्रॅक्चर लाइन स्टिल व्हिजिबल, मिनिमल कॅलस.' घरात घबराट झाली. कोणीतरी पायावर भार द्यायचा नाही म्हणून सांगितलं, कोणीतरी मालिश करणाऱ्याचा नंबर आणला. खरं तर फिल्म अगदी वेळापत्रकाप्रमाणे होती. कॅलस म्हणजे मोडाभोवती धरणारं नवं हाड. ते आधी कापसाच्या पुंजक्यासारखं धूसर दिसतं, मग दाट होतं, मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पूल बांधतं. रेघ पुसली जाते ती त्यानंतर, सगळ्यात शेवटी. म्हणून रेघ शोधत बसण्यापेक्षा पूल शोधावा.

तो मोजायची सोपी पद्धत आमच्याकडे आहे. हाडाच्या चार भिंती असतात. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये आतली आणि बाहेरची दिसते, बाजूच्या फिल्ममध्ये पुढची आणि मागची. प्रत्येक भिंतीला गुण द्यायचे. कॅलस नाही आणि रेघ आहे तर 1, कॅलस आहे पण रेघही दिसते तर 2, कॅलसचा पूल झाला आणि रेघ गेली तर 3. म्हणजे एकूण गुण 4 ते 12. सहाव्या आठवड्यात या पायाचे गुण 5 होते, फक्त मागच्या भिंतीवर पुंजका होता. बाराव्या आठवड्यात 9 झाले: तीन भिंतींवर कॅलस, मागच्या भिंतीवर पूर्ण पूल. विसाव्या आठवड्यात 11, आणि फक्त पुढच्या भिंतीवर पुसट रेघ. नडगीची पुढची बाजू कातडीच्या लगेच खाली असते, तिथे स्नायूंचं रक्त कमी, म्हणून ती बहुधा मागे राहते. चारपैकी तीन भिंती जुळल्या, दाबल्यावर दुखत नाही आणि चालताना कळ येत नाही, तर हाड जुळलं असं आम्ही धरतो. बाराव्या आठवड्याच्या आधीच हे गृहस्थ सांगितल्याप्रमाणे पायावर भार देऊन चालत होते. रॉड असलेल्या नडगीत हा भार कॅलस वाढवतो, त्यामुळे 'रेघ आहे' म्हणून खाटेवर पडून राहणं हे उलटं औषध ठरतं. पण भार कधी आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. सांध्याजवळच्या फ्रॅक्चरचं गणित वेगळं असतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. तुकडे घट्ट दाबून प्लेट बसवली असेल तर कॅलस दिसतच नाही, रेघ हळूहळू विरते. तिथे 'नो कॅलस' वाचून घाबरू नका. उलट अशा प्लेटखाली खूप कॅलस दिसला तर आम्हीच सावध होतो, कारण जोड हलत असण्याची शक्यता असते.

खरी काळजी कधी करायची? दोन-तीन महिन्यांच्या अंतराच्या फिल्म शेजारी लावल्या आणि काहीच फरक नाही, स्क्रू तुटला किंवा त्याच्याभोवती काळं वलय आलं, हाडाची टोकं गोल आणि पांढरीफटक झाली, किंवा टोकांना मोठा कॅलस धरलाय पण मधली फट स्पष्ट आहे. यातल्या शेवटच्या प्रकारात हाडात जोर असतो, स्थिरता कमी पडते. टोकं गोल झाली असतील तर हाडाचाच जोर संपलेला असतो आणि बहुधा दुसरीकडचं हाड आणून भरावं लागतं. विडी-सिगारेटने जुळणं लांबतं, हे पक्कं माहीत आहे. मावा खाणाऱ्यांनी आपण सुटलो असं समजू नये, निकोटिन त्यातही आहेच.

आता हेअरलाइन. "फ्रॅक्चर नाही, नुसती क्रॅक आहे" हे वाक्य मी रोज ऐकतो. क्रॅक म्हणजे फ्रॅक्चरच, फक्त अजून न सरकलेलं. ते तसंच राहील की नाही, हे पुढच्या वागण्यावर ठरतं. पडलेल्या आजी खुब्यात दुखत असूनही काठीने चालतात, रिपोर्टमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला हेअरलाइन असते. चालता चालता ते सरकलं तर हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि दोन-तीन स्क्रूंवर भागणारं काम खुबा बदलण्यावर जातं. अशा आजींना चालवत आणू नका, स्ट्रेचरवर आणा.

दुसरी आहेत पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी मुलं. नडगीत एकाच बोटाएवढ्या जागी दुखतं, पळताना वाढतं, आणि एक्स-रे नॉर्मल येतो. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे फिल्मवर दिसत नाही. नंतर हाडाच्या कडेला नव्या हाडाचा पापुद्रा किंवा बारीक काळी रेघ उमटते. म्हणून पहिली फिल्म स्वच्छ आली तरी दुखतंय तोवर पळणं बंद, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे किंवा लगेच एमआरआय. नडगीच्या पुढच्या भिंतीवरची काळी रेघ जुळायला महिनोन्महिने घेते. तिच्यावर पळत राहिलं तर एक दिवस हाड आरपार मोडतं आणि ती भरती तर जातेच.

पुन्हा पुन्हा एक्स-रे काढायला घाबरू नका. हातापायाच्या एका फिल्मचा किरणोत्सर्ग आपण एका दिवसात निसर्गातून घेतो त्याहूनही कमी असतो. फक्त गर्भवती असाल तर आधी सांगा. आणि तपासणीला येताना शेवटची फिल्म तेवढी आणू नका. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या फिल्म तारखेसह पिशवीत घालून आणा. खिडकीच्या काचेवर धरून काढलेल्या मोबाइलच्या फोटोवर मला पूल दिसत नाही.